धर्माबादच्या अक्कांना, मनापासून थँक्यू

अक्का,

निजामाबादला नोकरी लागली तेव्हा मला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता आणि तुम्हाला पोरांचा मराठीचा अभ्यास घ्यायचा होता, म्हणून बुधवारी न् रविवारी तासभर गच्चीवर बसायचं ठरलं. पहिले दोन आठवडे वायाच गेले, कारण अडलं की दोघंही हिंदीत घुसायचो. मग तुम्हीच मोबाईलवर अलार्म लावला, पंचवीस मिनिटं फक्त तेलुगू, पंचवीस फक्त मराठी, शेवटची दहा वहीला, आणि पहिला नंबर आलटून पालटून, कारण दुसऱ्या पाळीपर्यंत डोकं थकतं न् नुकसान नेमकं त्याच भाषेचं होतं.

तुमची चूक दाखवायची पद्धत मला लई आवडली. मी म्हणलो, "मनम रेपु रामु", म्हणजे उद्या आम्ही येणार नाही असं मला सांगायचं होतं. तुम्ही टोकलं नाही, नुसतं म्हणालात, "नेनु वस्तानु कदा!" मी तर येणारे की! तेव्हा ट्यूब पेटली, मनम म्हणजे आपण, समोरचा माणूस धरून, आणि आम्ही म्हणजे मेमु. मराठीत हा फरक रोज करतो मी, पण डोक्यात हिंदीचं 'हम' धरून बोलायलो होतो, त्यात दोन्ही एकच. त्या दिवसापासून आपण हिंदी पूर्ण बंद केली, ते लई बरं झालं.

आधी मी तुम्हाला शब्दाशब्दाला अडवायचो, त्याचं अजून वाईट वाटतं. तुम्ही गप्प व्हायला लागलात तेव्हा कळलं. मग वहीत लिहून ठेवायला लागलो आणि एकच चूक तीनदा आली तरच शेवटच्या दहा मिनिटांत काढायची. नुसतं बरोबर वाक्य परत म्हणून दाखवलं तर कधी कधी ते तुमच्या ध्यानातच यायचं नाही, त्यापेक्षा "परत सांगा बरं" म्हणलं की निम्म्या वेळा तुम्ही स्वतःच दुरुस्त करायच्या.

विषयाचंही तसंच. 'आवडी-निवडी' चार मिनिटांत संपला, पण 'सासरी पहिल्या दिवशी काय खाल्लं' याला पंचवीस मिनिटं पुरली नाहीत, आणि तुमची खरी अडचण तिथंच सापडली. "मी भाकर खाल्ले" म्हणायच्या तुम्ही, कारण तेलुगूत क्रियापद करणाऱ्याच्या मागं जातं. मराठीत झालेलं सांगताना ते भाकरीच्या मागं जातं, खाल्ली. मग तुम्ही विचारलं, "मी विसरले" कसं चालतं? मी अडकलोच, दुसऱ्या दिवशी शोधून सांगितलं की विसरणे, शिकणे, बोलणे ही वेगळी, ती करणाऱ्याच्याच मागं जातात. तुमच्यामुळं माझीच भाषा मला नव्यानं कळली.

येत्या बुधवारी पहिला नंबर मराठीचा. माहेरच्या बतुकम्मा सणाचं सांगा, फुलं कोणी आणली, थाळा कसा भरला, परात कुठून आणली, गाणी कोणती म्हणली, यात सगळी लिंगं येतात. मी वही घेऊन येतो, मधी बोलणार नाही.

तुमचा भाऊ