एकाच पॉलिसीचे तीन परतावे, खरा कोणता?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एंडोमेंट, म्हणजे विम्यासोबत मुदतीअखेर रक्कमही देणाऱ्या पॉलिसीवर वर्षाला नेमके किती टक्के सुटतात, या प्रश्नाला नागपुरात मला एकाच पॉलिसीबद्दल तीन उत्तरे ऐकायला मिळाली आहेत. एजंट म्हणतो ८ टक्के. विम्यावर चिडलेला माणूस म्हणतो ३ टक्के. खरे उत्तर या दोन्हींच्या मधले असते आणि ते काढायला कुणाच्या मताची गरज नसते. मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवत असे. माझे जुने विद्यार्थी मार्च महिन्यात असे कागद घेऊन घरी येतात. त्यातल्या एका कागदावरचा हिशोब आपल्या वाचकांसमोर मांडतो.

कागद म्हणजे एजंटाच्या लेटरहेडवर बॉलपेनने लिहिलेल्या चार ओळी. भरायचे: वर्षाला ५०,०००, वीस वर्षे. एकूण भरणा: १० लाख. मिळणार: १८ लाख ५० हजार. परतावा: ८ टक्के, करमुक्त. खाली दोनदा रेघ मारलेली. तो घेऊन आलेली माझी जुनी विद्यार्थिनी, मुलगी पस्तिशीची, कमावती, हिशोबाला कच्ची नाही. तिने विचारले, "सर, हे ८ टक्के आले कुठून?"

आले ते असे. दहा लाखांवर साडेआठ लाख जास्त मिळतात, म्हणजे ८५ टक्के. पहिला हप्ता कंपनीकडे वीस वर्षे राहतो, शेवटचा एकच वर्ष, म्हणून सरासरी साडेदहा वर्षे. ८५ ला साडेदहाने भागले की ८.१ येतात. भागाकार बरोबर आहे, पण हे सरळव्याज झाले. बँकेची ठेव असो की पीपीएफ, तिथले दर चक्रवाढीचे असतात. चक्रवाढीच्या दराशेजारी सरळव्याजाचा दर मांडला की पॉलिसी उगाचच उजवी दिसते. एजंटाची हीच पद्धत पीपीएफला लावून पाहा. एप्रिल २०२० पासून पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे. तो तसाच राहिला असे धरले आणि दर एप्रिलच्या सुरुवातीला ५०,००० भरले, पंधरा वर्षांनंतर खाते पाच वर्षे वाढवले, तर विसाव्या वर्षाअखेर सुमारे २२ लाख १९ हजार होतात. एजंटाच्या रीतीने हा परतावा ११.६ टक्के निघतो! म्हणजे पॉलिसीला ८ म्हणायचे असेल, तर पीपीएफलाही ११.६ म्हणावे लागेल.

३ टक्केवाल्यांची चूक उलट दिशेची आहे. ते दहाचे साडेअठरा वीस वर्षांत झाले असे धरून चक्रवाढीचा दर काढतात, तो ३.१ टक्के येतो. पण दहा लाख पहिल्याच दिवशी कुणी भरलेले नसतात. शेवटचे ५०,००० तर कंपनीकडे जेमतेम वर्षभर असतात. प्रत्येक हप्ता जितकी वर्षे राहिला, तितक्याच वर्षांचे व्याज त्याला मोजले पाहिजे.

म्हणून खरा प्रश्न असा विचारायचा: बँकेने किती टक्के व्याज दिले असते, तर हेच हप्ते याच तारखांना भरून विसाव्या वर्षाअखेर बरोबर साडेअठरा लाख झाले असते? साध्या कॅल्क्युलेटरवरही हे उत्तर मिळते. एक दर मनाशी धरायचा, समजा साडेपाच टक्के. पहिल्या वर्षी ५०,००० गुणिले १.०५५, म्हणजे ५२,७५०. त्यात दुसरा हप्ता मिळवा, १,०२,७५० झाले, पुन्हा १.०५५ ने गुणा, १,०८,४०१. असे वीस ओळी चालायचे. शेवटी १८ लाख ३९ हजार येतात, म्हणजे पॉलिसीच्या रकमेपेक्षा थोडे कमी. सहा टक्क्यांनी तोच खेळ केला तर १९ लाख ५० हजारांच्या जवळ जातो, म्हणजे बरेच जास्त. तेव्हा उत्तर साडेपाचच्या किंचित वर आहे. मुलीने माझ्यासमोर वहीत हे दोन्ही रकाने भरले, अर्धा तास लागला.

संगणकावर किंवा मोबाइलमधल्या एक्सेलमध्ये हेच एका ओळीत होते:

```
=RATE(20,-50000,0,1850000,1)
```

उत्तर ५.५५ टक्के. इथे तीन ठिकाणी हमखास गडबड होते. हप्त्यापुढचे उणे चिन्ह विसरले तर आकड्याऐवजी `#NUM!` दिसते, कारण पैसे आपल्या खिशातून जातात आणि रक्कम आपल्याकडे येते, या दोन्हींची चिन्हे उलट हवीत. शेवटचा 1 गाळला तर एक्सेल हप्ता वर्षाअखेर भरला असे समजते आणि दर ६.०५ दाखवते. विम्याचा हप्ता वर्षाच्या सुरुवातीला जातो, म्हणून तो 1 हवाच. तिसरी गडबड फसवी आहे. एक्सेल पुष्कळदा उत्तर दशांश न दाखवता `6%` असे छापते, म्हणून दशांशस्थळे वाढवून पाहावे. वीस वर्षांच्या हिशोबात अर्ध्या टक्क्याचा फरक लाखाच्या घरात जातो. हप्ते सगळे सारखे नसतील तर प्रत्येक भरण्याची तारीख आणि रक्कम लिहून `XIRR` वापरावे. जुन्या पॉलिसीधारकांना याची गरज पडेल, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी रद्द झाला. त्याआधी पारंपरिक पॉलिसीच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर साडेचार आणि पुढच्या हप्त्यांवर सव्वादोन टक्के कर लागत होता. खिशातून गेलेली पूर्ण रक्कम धरायची, पावतीवरचा नुसता मूळ हप्ता नाही.

एक गोष्ट विमा कंपनीच्या बाजूनेही मांडली पाहिजे. या हप्त्यात दहा लाखांचे विमा संरक्षणही आहे, पीपीएफमध्ये ते नाही. म्हणून न्याय्य तुलना करायची तर तितक्याच रकमेच्या टर्म विम्याचा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणाऱ्या विम्याचा हप्ता त्यातून वजा करावा. तो वर्षाला ३,००० आहे असे समजू, ज्याचा त्याने आपल्या वयाप्रमाणे विचारून घ्यावा. मग गुंतवणूक ४७,००० ची उरते आणि दर ६.०८ टक्के होतो. मला हा आकडा पटतो. तो ८ नाही आणि ३ तर नाहीच.

आता त्या 'मिळणार' शब्दाकडे येतो, कारण सगळा हिशोब त्याच्यावर उभा आहे. साडेअठरा लाखांपैकी लेखी हमी फक्त दहा लाखांच्या विमा रकमेची होती. उरलेले साडेआठ लाख बोनसचे होते, हजारी साडेबेचाळीस रुपये दरवर्षी मिळत राहतील असे धरून मांडलेले. हा बोनस मूळ विमा रकमेवर मोजतात, आधीच्या बोनसवर पुन्हा बोनस नाही. एकदा जाहीर झालेला बोनस पॉलिसीत जमा होतो आणि काढून घेतला जात नाही, पण पुढच्या वर्षीचा किती असेल ते कुणी बांधून देत नाही. हजारी ३५ वर आला तर हाती १७ लाख पडतील आणि दर ४.८ टक्क्यांवर उतरेल. म्हणून दोन-तीन बोनस धरून दोन-तीन दर काढावेत, एकाच आकड्यावर विसंबू नये.

कंपनीच्या अधिकृत लाभ-तक्त्यात ४ आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. तो तक्ता मागून घ्यावा, पण नीट वाचावा. तिथले ८ टक्के म्हणजे कंपनीच्या गुंतवणुकीवर खर्च वजा जाण्याआधी धरलेली कमाई. ग्राहकाचा परतावा त्याहून कमीच निघतो. त्या रकान्यातली मुदतपूर्तीची रक्कम उचलून वरच्या सूत्रात घातली की खरा दर कळतो. त्या लेटरहेडवरचे ८ टक्के आणि या रकान्यावरचे ८ टक्के यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी लोकांच्या मनात ते एक होतात. माझी मागणी अशी की हा काढलेला दर कंपन्यांनीच तक्त्याच्या पहिल्या पानावर, हप्त्याच्या शेजारी छापावा.

हे वाचून कुणी चालू पॉलिसी मोडायला धावू नये, म्हणून एक हिशोब आणखी. माझ्या शेजाऱ्यांची हुबेहूब अशीच पॉलिसी, चौदा वर्षे पूर्ण झालेली. ५.५५ टक्के ऐकून ते सरेंडर करायला निघाले होते. शाखेने सरेंडर मूल्य ८ लाख सांगितले. पण गेलेल्या चौदा हप्त्यांचा दर आता बदलणार नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न इतकाच की आज हातात येणारे ८ लाख सोडून आणि आणखी सहा हप्ते भरून साडेअठरा लाख मिळत असतील, तर त्या सहा वर्षांचा दर काय?

```
=RATE(6,-50000,-800000,1850000,1)
```

उत्तर १०.१ टक्के आले. वीस वर्षांना ५.५५ देणारी तीच पॉलिसी शेवटच्या सहा वर्षांना १० च्या वर देते, कारण लवकर मोडल्याची वजावट सरेंडर मूल्यात आधीच झालेली असते. त्यांनी पॉलिसी चालू ठेवली. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हेच उत्तर वेगळे येऊ शकते, म्हणून सरेंडर मूल्य आणि आजवर जमा झालेला बोनस हे दोन आकडे शाखेतून लेखी घ्यावेत, आणि निर्णय त्यानंतर करावा.

आपला,
एक निवृत्त वाणिज्य शिक्षक,
मानेवाडा, नागपूर