वैशालीस पत्र : राजीनाम्यातली शेवटची तारीख

पुणे, 15 जुलै

प्रिय वैशाली,

आज राजीनामा दिला. फोनवर मला नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

आप्पांच्या मूत्रपिंडांचं तुला माहीतच आहे. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी साधारण चार तास. सध्या मानेतल्या नळीतून करतात. हातातली धमनी शिरेला जोडतात, ती फिस्टुलाची शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये व्हायची आहे, पण ती झाली की लगेच सुया टोचता येत नाहीत. शीर फुगून जाड व्हायला सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि काही वेळा ती तयारच होत नाही. रोज त्या जागी हात ठेवून आतली थरथर लागते का ते बघायचं. ती थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, त्यातून रक्त घेणं नाही. आईला एकटीला हे झेपणार नाही. मिरजेला मलाच राहायला हवं, आणि मला राहायचंही आहे.

आमचा नोटीस पीरियड 90 दिवसांचा. नुसता राजीनामा दिला असता तर सिस्टीमने 13 ऑक्टोबर ही तारीख टाकली असती आणि तोवर मी पुण्यात अडकले असते. उद्यापासूनच निघाले असते तर राहिलेल्या दिवसांचा पगार कापला गेला असता. म्हणून मी शेवटचा दिवस 30 सप्टेंबर ते 31 ऑक्टोबरच्या दरम्यान मागितला. नक्की तारीख सात दिवस आधी कळवेन.

30 सप्टेंबर मी विचार करून धरली. त्या दिवशी आमचं टॅक्स ऑडिट संपतं; ते मध्येच टाकून जाणं मला पटत नाही. दुसरं कारण ग्रॅच्युइटीचं. ती पाच वर्षं झाल्यावर मिळते हे सगळ्यांना माहीत असतं, पण पुढच्या अर्धवट वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त दिवस भरले तर ते वर्ष पूर्ण धरतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मी मार्चच्या 22 तारखेला रुजू झाले, या मार्चला पाच वर्षं झाली. म्हणजे 22 सप्टेंबर ओलांडला की माझी सहा वर्षं. माझं मूळ वेतन 31,200. त्याला 26 ने भागून 15 ने गुणलं की एका वर्षाचे 18,000. सहा वर्षांचे 1,08,000, आणि 22 सप्टेंबरच्या आधी सुटले असते तर 90,000. औषधांच्या बिलांपुढे हा फरक लहान नाही गं.

आणखी एक. आप्पा माझ्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आहेत, आणि ते कव्हर माझ्या शेवटच्या दिवशी संपतं. फिस्टुलाची शस्त्रक्रिया त्याआधी व्हायलाच हवी. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज मी नोकरीत असतानाच करणार आहे. अर्थात त्यांच्या वयात आणि या आजारात कंपनी काय अटी घालेल, त्यावर मी फार विसंबून नाही.

राजीनाम्याच्या पत्रातला मुख्य भाग तुझ्यासाठी मराठीत लिहून देते:

"वडिलांच्या आजारपणामुळे मी राजीनामा देत आहे. 15 ऑगस्टपर्यंत कार्यालयात येऊन कामाचा ताबा देईन. त्यानंतर मंगळवार, गुरुवार व शनिवार मिरजेहून काम करण्याची परवानगी मिळावी. इतर दिवस बिनपगारी रजा धरावेत. टॅक्स ऑडिट पूर्ण करूनच मी जाईन. 30 सप्टेंबरला कार्यमुक्त झाल्यास नोटिशीचे उरलेले 13 दिवस शिल्लक अर्जित रजेत वळते करावेत. हे मान्य असल्यास लेखी कळवावे."

सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसचे, म्हणून तशी वाटणी. बिनपगारी रजा मंजूर झालेली हवी, असं मी मुद्दाम विचारून घेतलं. मंजूर रजेने सेवा खंडित होत नाही. न सांगता गैरहजर राहिले तर मात्र वाद निघू शकतो. आणि लेखी उत्तराचा आग्रह यासाठी, की साहेब मनाने चांगले आहेत, "बघू, करू" म्हणाले, पण हिशेब एचआर करतं. त्यांच्यासमोर मेल असेल तेवढंच खरं.

ताबा देण्याची यादीही सोबत जोडली: कोणता विक्रेता कुठल्या बिलावर अडलाय, जीएसटीचं कोणतं रिटर्न कुठल्या तारखेला जातं, बँकेतल्या सह्यांचे अधिकार कोणाकडे. यादी बघितल्यावरच साहेबांचा चेहरा सैल झाला. मला वाटतं, त्यांना माझ्या जाण्याची नव्हे, अर्धवट कामाची भीती होती.

उत्तर सोमवारपर्यंत येईल. बिनपगारी रजेला नकार आला, तर तीन दिवसांऐवजी रोज अर्धा दिवस मिरजेहून काम करायची तयारी दाखवेन. त्याहून मागे मी सरणार नाही. पुढच्या रविवारी आप्पांना भेटायला ये. त्यांना पाणी मोजून द्यावं लागतं, म्हणून चहाचा आग्रह करू नकोस. गप्पा मात्र मार. तू आलीस की ते पोटभर बोलतात.

तुझी,
मंजू