खोलीची जाहिरात आणि तुझा नंबर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रूममेट हवी म्हणून तू कोथरूडच्या भाड्याच्या ग्रुपवर टाकलेली जाहिरात काल ताईने मला दाखवली. तिला ती तिसऱ्याच कुणीतरी पुढे पाठवली होती. म्हणजे तुझा नंबर कुठवर पोहोचला, हे आता तुलाही सांगता येणार नाही. रागावून लिहीत नाही, पण रात्री झोप लागली नाही हे खरं.

तुला आठवतं का, आपली वरची खोली भाड्याने द्यायची होती तेव्हा मीही असंच केलं होतं? वाचनालयाच्या फलकावर कागद लावला आणि गावच्या ग्रुपवरही नंबर टाकला. खोली आठ दिवसांत गेली, फोन मात्र पुढे कितीतरी महिने येत राहिले. त्यातला एक तुला कधी सांगितला नव्हता. त्या माणसाने मला माझ्या पूर्ण नावाने हाक मारली. कागदावर मी नाव लिहिलंच नव्हतं! मग कळलं, यूपीआय ॲपमध्ये नुसता मोबाइल नंबर टाकला की बँकेत नोंदलेलं नाव समोर येतं. माणूस नावाने बोलला की ओळखीचा वाटतो, तशी मीही फसत चालले होते. मी सैन्यात आहे, मिरजेला बदली झाली आहे, आगाऊ भाडं पाठवतो, हा कोड स्कॅन करा, म्हणाला. केला. स्क्रीनवर दहा हजारांचा आकडा आला आणि खाली पिन मागितला. तिथे माझा हात थांबला. पैसे यायला पिन लागत नाही, तो द्यायलाच लागतो.

म्हणून तुला आधी एकच सांगते. जो नंबर बँकेला, आधारला जोडलेला आहे तो जाहिरातीत नको. साधं प्रीपेड सिम वेगळं घे, तुझ्याच नावावर, आणि त्यावर यूपीआय सुरूच करू नकोस. म्हणजे नंबर टाकून बघणाऱ्याला तिथे तुझं नाव सापडणार नाही. त्या नंबरच्या व्हॉट्सॲपला फोटो लावू नकोस, नावाच्या जागी नुसतं ‘खोली’ लिही. Privacy मध्ये जाऊन Last seen आणि Groups दोन्ही My contacts वर ठेव, नाहीतर कुणीही उचलून तुला भलत्याच ग्रुपात टाकतं.

ग्रुपात मात्र एक अडचण राहते. तू मेसेजमध्ये नंबर लिहिला नाहीस तरी व्हॉट्सॲप ग्रुपातल्या प्रत्येकाला तो दिसतोच. म्हणून अनोळखी लोकांच्या ग्रुपात शिरायचंच तर नव्या नंबरने शीर. फेसबुकवर किंवा जाहिरातीच्या ॲपवर नंबर न देता तिथल्याच चॅटवर बोलता येतं. आधी तिथे बोल, दोन-चार प्रश्न विचार, माणूस खरा वाटला तरच नंबर दे. काही जण नंबर अक्षरांत लिहितात, ‘नऊ आठ दोन’ असा. त्याने आपोआप नंबर गोळा करणारे प्रोग्रॅम थोडे चुकतात, पण वाचून डायल करणाऱ्याला काय फरक पडतो?

आणि नंबराइतकीच मला तुझ्या जाहिरातीतली दुसरी ओळ खुपली. ‘आम्ही दोघी मुली, बी विंग, तिसरा मजला. दिवसभर घरी कोणी नसतं, आठनंतर यावे.’ अगं, घर कधी रिकामं असतं आणि दोघीच कधी असता, हे सगळं नंबराच्या शेजारी लिहून ठेवलंस! नुसतं ‘कर्वे पुतळ्याजवळ, दोन खोल्यांचा फ्लॅट, नोकरी करणाऱ्या मुलीसाठी, भाडं इतकं’ एवढं पुरे. विंग आणि मजला भेट ठरल्यावर सांग. भेटही पहिल्यांदा खाली, चहाच्या दुकानात.

जुनी जाहिरात आजच काढ. त्याने फॉरवर्ड झालेलं परत येणार नाही, पण नव्याने कुणी उचलणार नाही. रूममेट मिळाली की दुसरी जाहिरातही लगेच काढ. सिम बंद करायचं ठरलं तर आधी त्यावरचं व्हॉट्सॲप खातं डिलीट कर. बंद पडलेला नंबर नव्वद दिवस गेले की कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. म्हणून त्या सिमवर कुठलंही महत्त्वाचं खातं उघडू नकोस.

बाबांचा जुना फोन चार्ज करून ठेवला आहे, त्यात ते सिम घाल. रात्री दहाला बंद करत जा, तुझा नेहमीचा फोन आम्हाला चालू राहू दे. रविवारी बाबा येणार आहेत, फोन आणि चकल्या त्यांच्याबरोबर पाठवते.

तुझी
आई