सॅच्युरेशन ९८ होतं, तरी पोट्टा तळमळत होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात थंडीत सिकलसेलच्या पेशंटनी काय काळजी घ्यायची यावर बातमी होती, छापलीत ते चांगलंच केलंत, पण त्यात एक वाक्य होतं की थंडीने रक्त घट्ट होतं आणि पेशी विळ्यासारख्या होतात. मी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, आणि घरी सिकलसेलवाला भाचा शिकायला ठेवलेला आहे, म्हणून मी त्या वाक्यावर अडले. कारण गोष्ट जवळपास उलटी आहे. सिकल हिमोग्लोबिनची टेस्टट्यूबमध्ये ऑक्सिजन काढून घट्ट जेली केली आणि ती ट्यूब बर्फात ठेवली तर ती जेली पातळ होते! परत गरम केली की परत घट्ट. मग थंडीत या पोरांना दुखतं काहून? तेच सांगायचं आहे, जरा लांब होईल पण कापू नका.

आधी आमच्याकडे काय झालं ते. डिसेंबरात शाळेची सहल रामटेकला गेली होती. भाचा १३ वर्षांचा, पायऱ्यांवर सगळ्यांच्या पुढे धावला, बाटलीतलं पाणी ११ वाजताच संपलं आणि परत भरलं नाही कारण सर ओरडतात सारखं टॉयलेटला जातो म्हणून. संध्याकाळी गाडीत खिडकीशी बसून हवा खात आला. रात्री १२ ला उठला, मावशी पाय फुटून राहिले म्हणे. दोन्ही नडग्या आणि कंबर. दीड वाजता आम्ही एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत होतो (नाव लिहीत नाही, भांडायचं नाहीये). बोटाला क्लिप लावली, सॅच्युरेशन ९८. पायाचा एक्सरे नॉर्मल. हिमोग्लोबिन ८ च्या वर थोडंसं, ते त्याचं नेहमीच तेवढं असतं. तिथला डॉक्टर पोरगा, माझ्या विद्यार्थ्याएवढाच असेल, म्हणाला मॅडम सगळं नॉर्मल आहे, परीक्षा जवळ आली का याची? तीन तासांनी पेनकिलरचं सलाईन लागलं. तोवर पोट्टा बेडची दांडी धरून होता, आवाज न करता, आणि मला तेच जास्त लागलं.

आता मूळ गोष्ट. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो ॲसिड असतात, त्यातलं फक्त सहावं बदललेलं असतं. जीनमध्ये जीएजी च्या जागी जीटीजी, एक अक्षर, आणि ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं. ग्लुटामिक ॲसिडला चार्ज असतो, पाण्यात रमतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाण्यापासून तोंड लपवायला जागा शोधतं. हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन आहे तोवर ही जागा मिळत नाही. ऑक्सिजन सोडला की हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर एक छोटी खोबण उघडी पडते, त्यात हे व्हॅलिन बरोब्बर बसतं. मग एकाला एक असे रेणू जुळत जातात, आणि तयार होतो १४ पेडांचा पिळदार दोर. असे ढीगभर दोर एका पेशीत. कॅरीबॅगमध्ये खराट्याच्या काड्या कोंबल्या तर ती जशी आडवीतिडवी ताणली जाते तशी पेशी होते. विळा हा त्यातला एक आकार, बाकीही वेडेवाकडे असतात. त्रास आकाराचा कमी आणि कडकपणाचा जास्त आहे, कारण केसासारख्या नळीतून जायला पेशीला वाकावं लागतं.

इथपर्यंत सगळ्या पुस्तकांत असतं. पण माझ्या वर्गातल्या एका पोरीने एकदा विचारलं की मॅडम, प्रत्येक लाल पेशी तर मिनिटाभरात एक चक्कर मारते आणि प्रत्येक चकरेत ऑक्सिजन सोडते, मग हे लोक दर मिनिटाला का नाही तळमळत? सगळ्या आजाराची चावी या प्रश्नात आहे. उत्तर असं की ऑक्सिजन सुटल्यावर दोर लगेच तयार होत नाहीत, मध्ये एक वाट बघण्याचा काळ असतो.

ज्यांनी घरी पाक केलाय त्यांना कळेल. पाक साखरतो तेव्हा हळूहळू नाही साखरत, बराच वेळ काहीच होत नाही, मग कुठेतरी पहिला दाणा धरतो आणि बघता बघता सगळं भांडं दाणेदार. हिमोग्लोबिनचंही तसंच, पहिले काही रेणू जुळून टिकाऊ गाठ होणं अवघड असतं, जुळतात सुटतात, जुळतात सुटतात. एकदा ती गाठ जमली की दोर भराभर वाढतो, आणि त्या दोराच्या अंगावरच नवीन दोर फुटतात, म्हणून मग एकदम भडका होतो.

पेशीला केशवाहिनीतून पार व्हायला साधारण एक सेकंद लागतो आणि तिथून पुढे मोठ्या शिरांतून फुफ्फुसात पोचायला आणखी दहापंधरा सेकंद. म्हणजे शर्यत आहे. गाठ जमण्याआधी पेशी बारीक नळीतून निसटली तर काही बिघडत नाही, पुढे मोठ्या शिरेत वाकडी झाली तरी तिथे जागा भरपूर, आणि फुफ्फुसात ऑक्सिजन मिळाला की दोर विरघळतात. बहुतेक पेशी बहुतेक वेळा अशाच निसटतात. म्हणून भाचा महिनोन्‌महिने क्रिकेट खेळत असतो आणि शेजारीण म्हणते याला काही झालंय असं वाटत नाही.

आता रामटेकचा हिशेब. हा वाट बघण्याचा काळ पेशीतल्या सिकल हिमोग्लोबिनच्या दाटपणावर अवलंबून असतो, आणि कसा, तर साधारण तिसाव्या घाताने! हे आकडे मी वर्गात फळ्यावर करून दाखवते. समजा पेशीतलं थोडं पाणी गेलं आणि दाटपणा फक्त ५ टक्क्यांनी वाढला. १.०५ चा तिसावा घात म्हणजे सव्वाचारच्या वर. म्हणजे जिथे ४ सेकंद मिळत होते तिथे १ सेकंदसुद्धा पुरता मिळत नाही, आणि नळी पार करायला तेवढा तर लागतोच. दुपारी पाणी न पिता पायऱ्या चढलेल्या पोराच्या रक्तात हेच होतं. त्यात या पोरांच्या किडनीच्या आतल्या भागात, जिथे ऑक्सिजन कमी आणि मीठ जास्त, तिथे पेशी आधीपासून अडकत आलेल्या असतात म्हणून लघवी घट्ट करायची ताकदच जाते. तहानले असले तरी लघवी पांढरी आणि भरपूर. सर ओरडतात त्या टॉयलेटच्या चकरा म्हणजे आजारच आहे हो, आळस नाही. पाणी कमी प्यायलं तरी जाणारं पाणी थांबत नाही. नागपूरच्या मे महिन्यात काय होत असेल ते बघा.

आणि आता थंडी. थंडीने पेशीतली जेली पातळ व्हायला हवी, पण माणसाच्या आत तापमान ३७ च असतं. थंडी करते काय तर कातडीच्या आणि हातापायाच्या नळ्या आवळते. नळी आवळली की रक्त संथ, रक्त संथ म्हणजे एका सेकंदाच्या जागी तीन सेकंद, आणि शर्यत हरली. दोष पेशीतच आहे पण थंडी बिघडवते तो रस्ता. गरम पाण्याची पिशवी बरी वाटते ती यासाठी, आणि बर्फ शेकायला देणारे महाभाग पण बघितलेत मी.

यात एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, अडकायला सुरुवात बऱ्याचदा कडक पेशींनी होतच नाही. सिकलच्या पेशी सारख्या वाकड्या सरळ होऊन १०-२० दिवसांत मरतात (आपल्या १२० दिवस जगतात), म्हणून हाडातली मज्जा अर्धवट तयार, कोवळ्या पेशी रक्तात ढकलत राहते. या कोवळ्या पेशी चिकट असतात. केशवाहिनी संपून बारीक शीर सुरू होते तिथे भिंतीला त्या चिकटतात, सोबत पांढऱ्या पेशीही चिकटतात, ताप इन्फेक्शन असलं तर भिंत आणखी चिकट. रस्ता अर्धा झाला की मागच्यांचा वेग पडतो, वेग पडला की त्यांचा वाट बघण्याचा काळ तिथेच संपतो, मग त्या कडक होऊन मागे भरत जातात. शिवाय फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन प्लाझ्मात सुटून नायट्रिक ऑक्साइड खातं, आणि नळी सैल ठेवण्याचं काम तर त्या नायट्रिक ऑक्साइडचंच. सगळं एकमेकाला ढकलत जातं. दुखण्याचा असा झटका, म्हणजे क्रायसिस, सुरू झाला की आपणहून पटकन थांबत नाही तो म्हणून.

दुखतं हाडात, कारण मज्जेत रक्त तसंही संथ वाहतं आणि चारी बाजूंनी हाडाची भिंत. आत रक्त अडलं, मज्जेचा तुकडा उपाशी पडला, सूज आली, आणि सुजेला पसरायला जागाच नाही. आणि बोटाच्या क्लिपला काय दिसतं? धमनीतलं, फुफ्फुसातून नुकतं आलेलं रक्त. ते ९८ असणारच. गडबड तर त्या बारीक नळ्यांच्या पलीकडल्या टोकाला, नडगीच्या आत चालली आहे. पहिल्या दिवशी एक्सरेत काही दिसत नाही. क्रायसिस आहे की नाही हे सांगणारी रक्ताची एकही टेस्ट नाही, पेशंट सांगतो तेच निदान. सॅच्युरेशन खरंच खाली येत असेल, छातीत दुखत असेल, ताप असेल तर ते वेगळं आणि जास्त भीतीचं, छातीचा क्रायसिस असू शकतो, तेव्हा धावपळ करा. पण ९८ आहे म्हणून दुखत नाही असं होत नाही.

माझी बहीण आणि भाऊजी दोघं वाहक आहेत, त्यांच्या पेशीत सिकलचं हिमोग्लोबिन साधारण ४० टक्केच, बाकी साधं. त्यांचा वाट बघण्याचा काळ इतका लांबतो की पेशी कधीच निसटून गेलेली असते, म्हणून दोघांना आयुष्यात काही झालं नाही आणि म्हणून लग्नाआधी कोणाला कळलंही नाही. भाच्याचं औषध हायड्रॉक्सीयुरिया हाच काळ लांबवतं, बाळपणीचं हिमोग्लोबिन एफ परत वाढवतं, ते दोरात नीट बसत नाही, शिवाय पेशी मोठी होते म्हणजे आतला दाटपणा कमी. तिसावा घात इथे आपल्या बाजूने लागतो, थोडा दाटपणा उतरला तरी काळ बराच लांबतो. पण असर यायला महिने लागतात, आणि आमचा पोट्टा दोन महिने खाऊन "काही फरक नाही मावशी" म्हणून बंद करून बसला होता, रामटेकच्या आधी. ते मला सहल झाल्यावर कळलं, डब्यात गोळ्या तशाच होत्या.

आता परत सुरू केल्यात, ब्लड काउंट ठरलेल्या तारखांना करतो. दप्तरात दोन बाटल्या, आणि सरांना डॉक्टरांची चिठ्ठी दिली की याला टॉयलेटला अडवू नका. कॅज्युअल्टीसाठी पण एक कागद लॅमिनेट करून ठेवलाय, त्यावर एसएस पॅटर्न म्हणजे आईबाप दोघांकडून सिकलचा जीन आलाय हे, नेहमीचं हिमोग्लोबिन, आधी कोणतं पेनकिलर किती डोसात लागू पडलं ते, आणि वर मोठ्या अक्षरात की पोचल्यापासून तासाभरात दुखणं थांबवायचं औषध द्या, रिपोर्टची वाट बघू नका.

आपली,
एक मावशी, मानेवाडा, नागपूर