काकांच्या रात्रीच्या ग्राफबद्दल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काकांच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरचे मंगळवार आणि गुरुवारचे दोन्ही ग्राफ काल रात्री नीट पाहिले. तू लिहिलंस, ‘गुरुवारी ८२ टक्के आलं, म्हणजे छानच ना?’ खरं सांगू, त्याच ग्राफची मला काळजी वाटते.

हे ८२ टक्के म्हणजे दिवसाचा तेवढा वेळ साखर ७० ते १८० च्या पट्ट्यात होती. उरलेल्या १८ पैकी ७ टक्के वर गेले, ते जेवणानंतरचे, त्यांचं सोड. पण ११ टक्के ७० च्या खाली आहेत, म्हणजे जवळजवळ अडीच तास, आणि सगळे एकाच रात्रीत. काकांच्या वयात, इन्शुलिनवर असताना, ७० खालचा वेळ १ टक्क्याच्या आत, म्हणजे दिवसाला पाव तासाच्या आत हवा. पट्ट्यातला वेळ त्यांना ५० टक्क्यांच्या वर असला तरी चालतो. म्हणून आधी खालचा आकडा वाच, मग वरचा.

आता मंगळवारची रात्र. दोन वाजता ११२, पंधरा मिनिटांत ५८, पाऊण तास तिथेच, आणि काही न खाता पुन्हा १०८. अशी खड्ड्यासारखी रेघ बहुतेक वेळा दाबामुळे येते. सेन्सर लावलेल्या दंडावर माणूस झोपला की तिथला द्रव दाबला जातो आणि यंत्राला साखर कमी दिसते. आमच्या मुलीच्या मधुमेहाच्या पहिल्या वर्षी अशाच रेघेला घाबरून मी तिला झोपेतून उठवून साखरपाणी पाजलं. सकाळी २६० होती. बोटातल्या रक्ताची तपासणी आधी केली असती तर पोरीची झोप वाचली असती.

गुरुवारची रेघ वेगळी आहे. अकराला १३८, मग हळूहळू उतरत तीनला ७० च्या खाली, पाचला ६१, आणि पावणेसहाला चहा-बिस्किट घेतल्यावर वर. काकूंनी सांगितलं ना, बनियन घामाने भिजलं होतं? ही साखर खरीच कमी झाली होती. त्या रात्री ते अर्धीच भाकरी खाऊन झोपले, आणि रात्रीचं इन्शुलिन मात्र नेहमीइतकंच घेतलं.

पुन्हा साखर कमी झाल्याचा सेन्सरचा अलार्म वाजला तर आधी ग्लुकोमीटरने बोट तपास. ७० च्या खाली असेल आणि काका नीट गिळू शकत असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बोटच तपास. सेन्सर रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे चालतो, त्यामुळे साखर चढायला लागली तरी रेघ थोडा वेळ खालीच दिसते. ती बघून आणखी पाजू नकोस. काका शुद्धीत नसतील तर तोंडात काही घालू नकोस, तडक दवाखाना गाठ.

गुरुवारचा ग्राफ आजच डॉक्टरांना दाखव. डोस तू स्वतः बदलू नकोस. सोबत जेवणाची वेळ आणि किती खाल्लं तेही लिहून ने, कारण ग्राफमध्ये ती अर्धी भाकरी दिसत नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश