दोन पदव्यांना परवानगी, मग अडवणूक कशासाठी?

माझी मुलगी कॉलेजात बी.कॉम. करते. सोबत दूरशिक्षणाने बी.ए. करायला गेली, तर खिडकीवर उत्तर मिळालं, ‘मूळ टीसी आणा, दोन पदव्या चालत नाहीत.’ मूळ टीसी तर पहिल्या कॉलेजात जमा आहे. ती दोन ठिकाणी कशी देणार?

विद्यापीठ अनुदान आयोगाने १३ एप्रिल २०२२ रोजीच एक नियमित आणि एक दूरस्थ पदवी एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे. दूरस्थ अभ्यासक्रम मान्यताप्राप्त हवा, एवढं आधी तपासावं. पीएच.डी.ला मात्र ही सवलत नाही. टीसी-मायग्रेशनवरून मुलं अडतात हे पाहून आयोगाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विद्यापीठांना मार्ग काढायला सांगितलं होतं. जून २०२५मध्ये तर नियमांत बसणाऱ्या, २०२२पूर्वी एकाच वेळी केलेल्या पदव्याही ग्राह्य ठरवल्या.

तरी खिडकीवर जुनंच उत्तर मिळतं. पहिल्या कॉलेजचा बोनाफाईड आणि टीसीची साक्षांकित प्रत घेऊन प्रवेश द्यावा, आणि तसं प्रवेश पुस्तिकेत स्पष्ट छापावं. मुलीची प्रवेशाची मुदत येत्या शनिवारी संपते आहे.

– एक पालक, सातारा