‘आजच दुरुस्त’ म्हणजे नेमके किती वाजता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शहर पुरवणीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांच्या छोट्या जाहिराती नेहमी असतात. मजकूर बहुतेकांचा एकच : ‘सर्व मोबाईल एका दिवसात दुरुस्त, 6 महिने वॉरंटी’, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अटी लागू’. आम्ही याच व्यवसायात आहोत. या एका ओळीतली दोन आश्वासने एकमेकांच्या पायात कशी येतात आणि ती ओळ प्रामाणिकपणे कशी लिहिता येईल, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी ‘सर्व मोबाईल’ हे शब्द. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग पोर्ट, स्पीकर, माइक, मागची काच ही कामे पार्ट हाताशी असेल तर त्याच दिवशी होतात. यातली निम्मी तर तासाभराची आहेत. (चार्जिंग होत नाही म्हणून आलेल्या कितीतरी फोनांत पोर्टात खिशातला कापूस दाबून बसलेला असतो. तो काढला की काम संपले.) पाण्यात पडलेल्या फोनाचे मात्र तसे नाही. बोर्ड बाहेर काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून फोन संध्याकाळी चालू करून देता येतो, पण चिपखाली राहिलेला ओलावा आणि क्षार आपले काम चालूच ठेवतात. आज सुरू झालेला फोन आठ दिवसांनी पुन्हा बंद पडू शकतो. बोर्डवर शॉर्ट शोधून चिप बदलली असेल तर फोन निदान एक रात्र चार्जिंगला लावून, गरम होतो का ते पाहावे लागते. या दोन्ही कामांना ‘एका दिवसात’ म्हणणाऱ्याने एकतर ती कधी केलेली नाहीत, किंवा परत येणाऱ्या ग्राहकाला काय सांगायचे ते आधीच ठरवले आहे.

आता सगळ्यात जास्त येणारे काम घेऊ : फुटलेला डिस्प्ले, ज्याला बाजारात फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात. समजा फोन सकाळी 11 वाजता आला. अमोलेड पडदा, पडद्याखाली फिंगरप्रिंट, खालचा उजवा कोपरा फुटलेला. फोन बंद करून हीटिंग प्लेटवर सुमारे 80 अंशांवर काही मिनिटे ठेवला की जुना गोंद सैल होतो. पातळ पत्ती फिरवून डिस्प्ले सोडवला, त्याला बोर्डाशी जोडणारी रिबन काढली. इथपर्यंत फार तर अर्धा तास.

खरे काम यानंतरचे आहे आणि घाईत तेच टाळले जाते. रिकाम्या फ्रेमच्या कडेला जुना गोंद आणि काचेचा चुरा चिकटलेला असतो. फोन कोपऱ्यावर पडलेला असल्यामुळे तिथली कडा किंचित आत वाकलेली असते. चुरा खरवडून काढला नाही, कडा सरळ केली नाही, तर नवा डिस्प्ले सपाट बसत नाही. एका बिंदूवर दाब राहतो, आणि फोन पुन्हा न पडताही आठ-पंधरा दिवसांत त्याच कोपऱ्यातून तडा जातो. ग्राहक शपथेवर सांगतो की फोन पडला नाही. दुकानदार म्हणतो, तडा आहे म्हणजे पडलाच. यात बरेचदा ग्राहक खरे बोलत असतो.

फ्रेम साफ झाली की नवा डिस्प्ले नुसता जोडून, न चिकटवता, फोन चालू करायचा. एखादा आयकॉन बोटाने धरून पडद्याभर आडवा-उभा फिरवायचा. मधेच सुटला तर तिथे टच मेला आहे. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा पाहायचा. फोन लावून कानाशी नेला की पडदा विझतो का, हेही. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत *#0*# डायल केले की ही तपासणी एका जागी मिळते. पडद्याखालचा फिंगरप्रिंट इथेच तपासावा, कारण स्वस्तातला एलसीडी प्रकारचा फोल्डर लावला तर फिंगरप्रिंट चालत नाही आणि चालणारही नाही. आयफोन 11 आणि त्यापुढच्या फोनांत बाहेरचा डिस्प्ले लावल्यावर सेटिंगमध्ये अनोळखी पार्टची सूचना येते. ग्राहकाने ती घरी जाऊन वाचण्यापेक्षा दुकानदाराने काउंटरवरच सांगितलेली बरी.

मग गोंद. दुकानांत सर्रास वापरला जाणारा B-7000 काही मिनिटांत वरून सुकल्यासारखा दिसतो. त्याची पूर्ण पकड यायला 24 ते 48 तास लागतात. म्हणून डिस्प्ले बसवल्यावर चारी बाजूंनी क्लिपा किंवा रबर लावून फोन निदान तीन तास आडवा ठेवावा लागतो. 11 ला आलेला फोन साडेबाराला चिकटवला, साडेतीनला क्लिपा काढल्या, पुन्हा तपासून चारला हातात दिला, तर काम नीट झाले आणि त्याच दिवशीही झाले. तोच फोन पाऊण तासात दिला, ग्राहकाने तो जीन्सच्या मागच्या खिशात घातला आणि गाडीवर बसला, की कड उचलते. फटीतून धूळ शिरते, पुढे कधीतरी रिबन ताणली जाते आणि पडद्यावर उभी रेष येते. ‘त्याच दिवशी’ला ‘तासाभरात’ केले की वॉरंटीतली तक्रार दुकानदाराने स्वतःच्या हाताने तयार केलेली असते.

एक गोष्ट जाहिरातीत क्वचितच दिसते : एकदा उघडलेला फोन आधी पाणी झेलणारा होता म्हणून नंतरही झेलेल, असे धरून चालू नये. कंपनीची सीलची पट्टी आणि हाताने लावलेला गोंद यांत फरक आहे. पावसाळ्यात तर हे सांगितलेच पाहिजे.

आता वॉरंटी. बाहेरच्या माणसाला वाटते की दुकानदार 6 महिने म्हणतो म्हणजे त्याला मागून कोणी तेवढी मुदत दिली असणार. तसे बहुधा नसते. घाऊक व्यापारी फोल्डर विकताना ‘टेस्टिंग वॉरंटी’ देतो. म्हणजे जोडून पाहा, खराब निघाला तर बदलून देऊ. मात्र वरची फिल्म काढली, गोंद लागला किंवा रिबन दुमडली की माल तुमचा. पुढचे सगळे महिने दुकानदाराच्या खिशातून जातात. त्यामुळे लांब मुदत ऐकून खूश होण्याआधी ग्राहकाने पार्ट कोणत्या दर्जाचा आहे ते विचारावे. एकाच मॉडेलचा फोल्डर कंपनीचा, ओलेड कॉपी आणि साधी एलसीडी कॉपी असा तीन भावांत मिळतो. सगळ्यात स्वस्त कॉपी लावून सगळ्यात लांब मुदत देणारा ती मुदत पाळण्यासाठी देत नसतो.

मुदतीपेक्षा काय झाले तर बदलून मिळेल, हे लिहिणे महत्त्वाचे. डिस्प्लेपुरते ते सरळ आहे. काच शाबूत असताना टच बंद पडला, आपोआप चालू लागला, रेष आली, रंग बिघडला किंवा कड उचलली तर दोष पार्टचा किंवा बसवण्याचा. काचेवर आघाताचा बिंदू असून तिथून तडे फुटले असतील, किंवा काच धड असूनही आत शाईसारखा काळा डाग पसरला असेल तर मार किंवा दाब. अपवाद एकच, वर सांगितलेला वाकलेल्या कडेचा. त्यावर उपाय म्हणजे काम घेतानाच फ्रेमच्या चारी कोपऱ्यांचे फोटो काढायचे आणि ग्राहकाला पाठवून ठेवायचे. फ्रेम इतकी वाकली असेल की सरळ होणार नाही, तर ‘या कोपऱ्याची वॉरंटी नाही’ असे त्याच वेळी जॉबकार्डावर लिहावे. दोन मिनिटे लागतात.

दुसरा वाद बदलून दिलेल्या पार्टचा. तीन महिन्यांची वॉरंटी आहे आणि दुसऱ्या महिन्यात डिस्प्ले बदलून दिला, तर मुदत पुन्हा तीन महिने की उरलेला एक? दोन्ही चालतील, पण आधी लिहिलेले हवे. मजुरी धरून मोफत की फक्त पार्ट मोफत, हेही.

हे सगळे पाटीवर मावत नाही असे आमचे सहव्यावसायिक म्हणतील. मावते. नमुना देतो :

‘डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग पोर्ट : दुपारी 1 पर्यंत द्या, संध्याकाळी 7 ला न्या. पार्ट दुकानात नसेल तर फोन उघडण्याआधी सांगू.
डिस्प्लेला 3 महिने वॉरंटी : टच, रेष, रंग, कड उचलणे – मजुरीसह मोफत बदलून. फुटणे, दाब, पाणी – नाही.
भिजलेला फोन व बोर्डचे काम : वेळ आणि वॉरंटी तपासणीनंतर, लेखी.’

यात वेळ घड्याळाची आहे, ‘लवकरात लवकर’ची नाही. पार्टची अट आहे, कारण सांगली-साताऱ्यासारख्या गावात जुन्या मॉडेलचा फोल्डर पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो आणि तो कुरिअरने दुसऱ्या दिवशी येतो. जे वॉरंटीत नाही ते तेवढ्याच मोठ्या अक्षरांत आहे. आणि मराठीत आहे. दुकानाची पाटी मराठीत हवी हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, पण ग्राहकाच्या पैशाशी संबंध असलेली अटींची ओळ तेवढी अजून इंग्रजीतच छापली जाते, याची गंमत वाटते.

‘काम झाले नाही तर पैसे नाहीत’ ही ओळही लोकप्रिय आहे. तीत तपासणीचे शुल्क धरले आहे का, ते स्पष्ट लिहावे. नाहीतर बोर्ड उघडून दोन तास घालवलेला कारागीर आणि रिकाम्या हाताने निघालेला ग्राहक या दोघांचे भांडण ठरलेले.

शेवटी बिल. बरीच दुकाने वॉरंटी तोंडी सांगतात किंवा डिस्प्लेच्या मागे तारखेचा बारीक स्टिकर लावतात, जो फोन उघडल्याशिवाय ग्राहकाला दिसतच नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल किंवा सेवेचे पैसे परत करण्यासाठी बिलावर लिहिलेली मुदत लागू होते, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर 30 दिवस धरले जातात. म्हणजे लेखी अटी टाळून दुकानदार सुटत नाही. बिलावर मॉडेल, आयएमईआय क्रमांक, लावलेल्या पार्टचा दर्जा, तारीख आणि वरच्या तीन ओळी एवढे पुरते. ग्राहकाने ते मागावे. न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

आपले,
मोबाईल दुरुस्ती व्यवसायातील काही दुकानदार,
सांगली